स्पीकर फक्त इन्व्हर्टरवरच का घरघरतो?

आसावरी_धायरी

नमस्कार मंडळी,

मी घरी गाण्याचे क्लास घेते, निम्मे ऑनलाइन. लॅपटॉपवर तानपुऱ्याचं अॅप लावते आणि तिथून ऑक्सच्या वायरने टेबलावरच्या स्पीकरच्या जोडीला देते. स्पीकरला 12 व्होल्टचा अडॅप्टर आहे, दोन पिनांचा, काळा, कुठल्याही दुकानात मिळतो तसा.

लाइट असताना आवाज एकदम स्वच्छ. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेले आणि घर इन्व्हर्टरवर आलं की त्याच सेकंदाला स्पीकरमधून घर्रर्र सुरू होतं. लाइट आले की त्याच सेकंदाला बंद. मध्ये मी कशाला हातही लावलेला नसतो.

घरघर बेसूर असती तर दुर्लक्ष केलं असतं. पण ती चक्क सुरात आहे. पांढरी पाचपेक्षा केसभर चढी, आणि तिच्या लगेच वर तिचा पंचम स्पष्ट ऐकू येतो. माझी पट्टी काळी पाच. म्हणजे तानपुरा एक सांगतो आणि स्पीकर दुसरंच. विद्यार्थिनी बिचाऱ्या मधल्यामध्ये लटकतात.

इन्व्हर्टर फ्लॅट घेतला तेव्हापासूनचा, बराच जुना आहे. दुकानदार म्हणतो स्पीकर खराब. वायरमन म्हणतो अडॅप्टर बदला. नवरा म्हणतो गुरुवारी सुट्टी घे. कोणाचं ऐकू?

पेठी_माणूस

नवऱ्याचं.

सुधन्वा77

इन्व्हर्टर जुना म्हणजे नक्की स्क्वेअर वेव्हचा असणार. घरातले पंखेसुद्धा लाइट गेल्यावर घूं करतात का? करत असतील तर शंभर टक्के तेच. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, बॅटरी तीच चालेल. प्रश्न संपला. बाकी सगळं मलमपट्टी.

मंजूमावशी

आमच्याकडेही इन्व्हर्टर आहे, दीड टनाचा, पण त्याचा आवाज अजिबात येत नाही. उलट रात्री चालू आहे की नाही ते उठून बघावं लागतं. सर्व्हिसिंग करून घ्या, फिल्टरमध्ये धूळ बसली की घरघर होते.

पेठी_माणूस

मावशी, तो एसी. हा बॅटरीवाला.

मंजूमावशी

अगं बाई. बॅटरीवालाही आहे आमच्याकडे, जिन्याखाली. तो तर स्वतःच घूं करतो, स्पीकर लागतच नाही त्याला. असो, वाचतेय.

अमोल_वारजे

ताई, इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल असं लिहिलेलं. तो यूपीएसवर टाका. यूपीएस मोडमध्ये कॉम्प्युटरसाठी शुद्ध वीज देतो. आमच्याकडे तो बदलल्यापासून लाइट गेले तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही.

तारयंत्र

अमोल, तुमचा कॉम्प्युटर बंद पडत नाही हे बरोबर, पण कारण वेगळं आहे. त्या स्विचने दोन गोष्टी बदलतात. बाहेरचा व्होल्टेज किती खाली-वर गेला की बॅटरीवर जायचं ती मर्यादा आखूड होते, आणि लाइनवरून बॅटरीवर उडी मारायचा वेळ कमी होतो. बॅटरीवर गेल्यानंतर बाहेर पडणाऱ्या वेव्हचा आकार तोच राहतो. स्क्वेअर असेल तर स्क्वेअरच.

सुधन्वा, तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे. पण साइन वेव्हचा इन्व्हर्टर लावूनही घरघर राहिलेली घरं मी पाहिली आहेत, त्यामुळे आठ-दहा हजार खर्चायला सांगण्याआधी थोडं तपासू.

आसावरीताई, तुम्ही ते पंचमाचं लिहिलंत ते फार कामाचं आहे, त्यावर नंतर येतो. आधी पुढच्या गुरुवारी एवढं करून बघा, याच क्रमाने:

स्पीकरच्या आवाजाचं बटण शून्यावर आणा. घरघर जाते की राहते?

बटण परत नेहमीच्या जागी आणा आणि ऑक्सची पिन लॅपटॉपमधून उपसून हवेत लोंबकळत ठेवा. पिनच्या धातूला हात लावू नका, नाहीतर वेगळीच घरघर येईल.

मग पिन परत लावा आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा, लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू द्या.

आणि एक. इन्व्हर्टरवर असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवा. झिणझिण्या येतात का?

पेठी_माणूस

शेवटची तपासणी नवऱ्याकडून करून घ्या.

सतीश_कर्वेनगर

धागा हायजॅक करत नाही, पण माझीही केस अशीच आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे वडिलांचा जुना असेंबल केलेला अॅम्प्लिफायर आहे, बुधवार पेठेतल्या एका मेकॅनिककडून बनवून घेतलेला. आत मोठा ट्रान्सफॉर्मर. इन्व्हर्टरवर पहिला पाऊण-एक तास एकदम व्यवस्थित वाजतो. मग हळूहळू हं... सुरू होतं आणि वाढत जातं. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तेवढंच. अॅम्प गरम होऊन बिघडतोय असं मला वाटायचं, पण लाइट आले की गरम असतानाही लगेच गप्प.

तारयंत्र

सतीश, तुमचा आजार वेगळा आहे, आणि छान आहे. बटण शून्यावर आणूनही आवाज तेवढाच राहतो याचा अर्थ तो बटणाच्या पुढून, म्हणजे पॉवर सप्लायमधून येतोय. ताईंचा बटणाच्या मागून येत असावा असा माझा अंदाज आहे. त्यांच्या तपासण्या येऊ देत. तोवर तुम्ही साध्या मीटरने सॉकेटवरचा व्होल्टेज मोजा, इन्व्हर्टरवर गेल्या गेल्या एकदा आणि हं सुरू झाल्यावर एकदा. मीटरच्या वायरींचं इन्सुलेशन धड आहे ना ते आधी बघा.

निखिल_बाणेर

सोपा उपाय सांगू का. हे सगळं ग्राउंड लूप असतं. लॅपटॉपच्या चार्जरची जाड वरची पिन असते ना, अर्थिंगची, तिला टेप गुंडाळा किंवा दोन पिनांचा कन्व्हर्टर लावा. घरघर गायब. बँडवाले सगळे असंच करतात.

तारयंत्र

निखिल, निदान निम्मं बरोबर, उपाय पूर्ण चूक. अर्थिंगची पिन माणसासाठी आहे, आवाजासाठी नाही. चार्जरच्या आत काही तुटलं आणि फेज दुसऱ्या बाजूला आला तर तो अर्थमधून निघून जावा म्हणून ती असते. ती तोडली तर तो रस्ता ऑक्सच्या वायरमधून, नाहीतर गाणाऱ्या बाईंच्या हातातून. बँडवाले करतात म्हणूनच त्यांच्यातल्या काहींना माइकला ओठ लागून शॉक बसलेत. हे कोणीही करू नका.

निखिल_बाणेर

ओके ओके. पण काम करतं एवढंच म्हणालो.

आसावरी_धायरी

झाला एकदाचा गुरुवार. सांगितलेल्या क्रमाने केलं.

बटण शून्यावर आणलं की घरघर पूर्ण जाते. कान लावला तर अगदी बारीक हिस्स, ती लाइट असतानाही असते.

ऑक्सची पिन काढून हवेत ठेवली तर घरघर जवळजवळ नाही.

पिन परत लावून लॅपटॉपचा चार्जर काढला तर पूर्ण शांत! इन्व्हर्टरवर असूनही. तानपुरा वाजतोय, घर अंधारात, आणि स्पीकर स्वच्छ. मला खरं वाटेना म्हणून चार्जर परत लावला. घर्रर्र. काढला. शांत.

झिणझिण्या हो, येतात. मुंग्या आल्यासारखं, कडेला आणि चार्जिंगच्या पिनपाशी. आणि एक गंमत, लॅपटॉपच्या कडेवर अख्खा तळवा टेकवून ठेवला की घरघर थोडी मंदावते.

म्हणजे स्पीकर चांगला आहे, अडॅप्टर चांगला आहे, चार्जरही चांगला आहे, आणि तिघे मिळून वाईट?

पेठी_माणूस

सोसायटीची कमिटी.

तारयंत्र

ताई, अगदी तसंच आहे. सावकाश सांगतो.

तुमच्या स्पीकरच्या अडॅप्टरच्या आत एक चिमुकला कपॅसिटर असतो. एक पाय 230 व्होल्टच्या बाजूला, दुसरा 12 व्होल्टच्या बाजूला. अडॅप्टरच्या स्विचिंगचा रेडिओ-टीव्हीला त्रास होऊ नये म्हणून तो नियमानुसार घातलेला असतो, दोष म्हणून नाही. साधारण एक नॅनोफॅरडचा. लॅपटॉपच्या चार्जरमध्येही असेच आहेत. त्यांच्यातून कायम थोडी वीज पलीकडे झिरपते. लॅपटॉपच्या कडेला बोट फिरवून तुम्हाला कळली ती हीच.

आता कपॅसिटरचा स्वभाव असा की व्होल्टेज किती आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, तो किती झपाट्याने बदलतो याच्याशी आहे. लाइनची वीज गोलाईने चढते आणि उतरते. सगळ्यात उभ्या चढावरही त्या कपॅसिटरमधून दशांश मिलिअँपच्या आसपास जातो. स्क्वेअर किंवा मॉडिफाइड वेव्हचा इन्व्हर्टर मात्र शून्यावरून 300 व्होल्टवर थेट उडी मारतो. समजा त्या उडीला 20 मायक्रोसेकंद लागले, तर तेवढ्या क्षणापुरते त्याच कपॅसिटरमधून 15 मिलिअँप जातात. दीडशे पट. आणि अशा उड्या एका सेकंदात शेकड्याने.

ही वीज जाते कुठे? स्पीकर आणि लॅपटॉप या दोघांना जोडणारी एकच वायर आहे, तुमची ऑक्स. तिच्या बाहेरच्या जाळीतून एका अडॅप्टरकडून दुसऱ्याकडे जाते. बारीक ऑक्सच्या जाळीला आणि पिनेच्या सांध्याला मिळून तिसऱ्या हिश्शाचा ओहम धरा. 15 मिलिअँपला साडेचार-पाच मिलिव्होल्ट होतात. तानपुऱ्याचा हलका आवाज लॅपटॉपमधून निघतो तोच पन्नासएक मिलिव्होल्टचा. जाळीवरचे हे मिलिव्होल्ट स्पीकरला गाण्याचाच भाग वाटतात, तो इमानेइतबारे मोठे करून ऐकवतो. म्हणून बटण खाली केलं की घरघरही खाली.

चार्जर काढला की लॅपटॉप कोणालाच जोडलेला राहत नाही. वायर आहे, पण पलीकडे रस्ता बंद. म्हणून शांतता.

आणि आता पंचम. लाइन आणि इन्व्हर्टर दोन्ही 50 हर्ट्झवर चालतात. 50 आणि 100 दोन्ही पांढरी पाचच्या जवळपास, केसभर चढे, तुमचे कान पक्के आहेत. सप्लायमध्ये नीट गाळलं न गेल्याने येणारा हं असतो तो 100, 200, 300 असा चढतो. त्यात 100 च्या लगेच वरचा पंचम, म्हणजे 150, येऊच शकत नाही. इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हमध्ये मात्र 50, 150, 250 हे ठासून भरलेले असतात. तुम्ही 150 ऐकलात म्हणून मला पहिल्या पोस्टलाच वाटलं की ही इन्व्हर्टरची वेव्ह वायरीत जशीच्या तशी घुसतेय.

आसावरी_धायरी

250 म्हणजे शुद्ध गंधार. तोही होता हो, बारीकसा! मी मनाचे खेळ म्हणून सोडून दिला होता.

सुधन्वा77

मग मी म्हटलं तेच ना शेवटी. साइन वेव्ह घेतला की उड्याच नाहीत, घरघर नाही.

तारयंत्र

उड्या नाहीत हे खरं. बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं. पण साइन वेव्हचे इन्व्हर्टरही आत हजारो वेळा स्विचिंग करून ती गोलाई बनवतात आणि स्वस्त यंत्रांमध्ये त्याची कुरकुर बाहेर पडते. लूप तोच राहिला तर घर्रर्र ऐवजी बारीक सीं ऐकू येते. आणि दुसरी गोष्ट अर्थिंगची. ताई, इन्व्हर्टरच्या लाइनवरच्या बोर्डला अर्थिंग आहे का?

आसावरी_धायरी

सॉकेट तीन पिनांचंच आहे.

तारयंत्र

भोक तीन असणं वेगळं आणि मागे वायर असणं वेगळं. पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर नंतर बसवताना वायरमन फक्त एक फेजची वायर प्रत्येक बोर्डपर्यंत ओढतो आणि न्यूट्रल जुनाच वापरतो. अर्थ जोडायचा राहिला तर राहिला, दिवा-पंखा चालतो म्हणून कोणाला कळत नाही. झिणझिण्यांवरून मला तोच संशय आहे. चांगल्या वायरमनकडून मेन बंद करून बोर्ड उघडून बघून घ्या. स्वतः उघडू नका.

सतीश_कर्वेनगर

आता माझं. मीटर लावला. इन्व्हर्टरवर गेल्या गेल्या 181. हं सुरू झाला तेव्हा 207. हे उलटं नाही का झालं? बॅटरी उतरतेय आणि व्होल्टेज वाढतोय? लाइनवर तोच मीटर 232 दाखवतो, म्हणजे मीटर ठीक आहे.

अमोल_वारजे

181 म्हणजे इन्व्हर्टर गेला कामातून. 220 पाहिजे. बॅटरी बदला.

तारयंत्र

अमोल, थांबा. मीटर खोटं बोलत नाही, पण त्याला गोल वेव्हच वाचता येते. स्वस्त मीटर सरासरी काढतो आणि वेव्ह गोल आहे असं गृहीत धरून ठरलेल्या गुणकाने आकडा दाखवतो. ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर लावलात तर दोन्ही वेळा 220 च्या आसपास दिसेल.

पण सतीश, तुमचे दोन आकडेच तुमचं उत्तर आहे. हे इन्व्हर्टर 12 व्होल्टच्या बॅटरीला ठरावीक पटीने चढवतात. भरलेल्या बॅटरीवर वेव्हचा माथा 300 व्होल्टच्या जवळ असतो. बॅटरी उतरली की माथाही उतरतो, समजा 255 वर. मग एकूण ताकद 220 ची राहावी म्हणून इन्व्हर्टर तो माथा जास्त वेळ धरून ठेवतो, मधला शून्याचा काळ कमी करतो. उंची कमी, रुंदी जास्त. सरासरीवर चालणाऱ्या मीटरला रुंदी आवडते, म्हणून तो वाढ दाखवतो. हिशेब केला तर 300 च्या माथ्याला असा मीटर 180 दाखवतो आणि 255 ला 210. तुमचे आकडे बघा.

तुमच्या अॅम्पला मात्र रुंदी नको, उंची हवी. आत टोन कंट्रोलच्या छोट्या बोर्डवर 7812 लिहिलेला तीन पायांचा तुकडा आहे का बघा. अॅम्प बंद, प्लग बाहेर, मग उघडा.

सतीश_कर्वेनगर

आहे! पत्र्याला स्क्रूने लावलेला. ट्रान्सफॉर्मरवर त्याच्यासाठी वेगळी 12 व्होल्टची वाइंडिंग आहे, हिरव्या वायरी.

तारयंत्र

मग झालं. 7812 ला 12 व्होल्ट स्थिर द्यायचे तर त्याच्या तोंडाशी साधारण 14 लागतात. ट्रान्सफॉर्मर-डायोडचा सप्लाय वेव्हच्या माथ्यापर्यंत भरतो. लाइनवर माथा 325, त्यामुळे 12 च्या वाइंडिंगमधून डायोडचं नुकसान वजा जाता साडेपंधरा मिळतात, ऐसपैस. इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असताना 300 च्या माथ्याला सव्वाचौदा, जेमतेम. बॅटरी उतरून 255 झाला की बाराच्याही खाली. मग 7812 स्थिर करणं सोडून देतो आणि समोर येईल ते तसंच पुढे ढकलतो, चढउतारासकट. तोच तुमचा हं. लाइट आले की माथा 325, लगेच गप्प.

उपाय म्हणून 7812 च्या जागी 7809 टाकून बघता येईल, पाय त्याच क्रमाने असतात. त्याला अकराच लागतात. पण त्या बोर्डवरची आयसी 9 व्होल्टवर नीट चालते का ते तिचा नंबर बघून ठरवायचं. नंबर टाका.

सतीश_कर्वेनगर

नंबर घासलेला आहे. मेकॅनिक मंडळी तो मुद्दाम घासायची असं वडील म्हणायचे, कोणी नक्कल करू नये म्हणून. 7809 आणून प्रयोग करावा का ते ठरवतो. वडिलांच्या वस्तूला हात लावायला जीव होत नाही.

मंजूमावशी

सतीश, वडिलांच्या वस्तूचं मला पटलं. राहू दे तसाच. तासभर गाणी ऐकावीत आणि हं आला की उठावं, तेवढ्यात स्वयंपाकाची वेळ होतेच.

निखिल_बाणेर

@तारयंत्र, अर्थ न तोडता काही सांगा मग. मी कीबोर्ड वाजवतो, माझ्याकडेही हेच आहे. मी त्या वायरीवर लावायच्या काळ्या फेराइटच्या गोळ्या आणल्या, काही फरक नाही.

तारयंत्र

फेराइट रेडिओच्या पट्ट्यातल्या गोंधळाला अडवतं. आपली घरघर काही शे ते काही हजार हर्ट्झची, तिला तो दिसतही नाही.

ऑक्सच्या मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाणं चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातं, जाळी मात्र जोडलेली राहत नाही, म्हणून ती वीज जायला वाट उरत नाही. बुधवारात तपकीर गल्लीत मिळेल, ऑनलाइनही मिळतो, दोनशे ते चारशे रुपये. स्वस्तातल्यांत खर्ज पातळ होतो कारण ट्रान्सफॉर्मर फारच लहान असतो. दुसरा मार्ग ब्लूटूथ, त्यात वायरच नाही.

निखिल_बाणेर

ब्लूटूथवर कीबोर्ड वाजवून बघा एकदा. पट्टी दाबली आणि सूर पुढच्या चौकात पोचला.

आसावरी_धायरी

तानपुऱ्याला उशीर झाला तर कोणाला कळणार नाही, पण ऑनलाइन क्लासमध्ये मुलींचा आवाजही त्याच स्पीकरवर येतो, तिथे ताल मागे पडतो. करून बघितलं.

बाकी वर्तमान असं. वायरमन येऊन गेला, बोर्ड उघडला, आणि तारयंत्र काका म्हणाले तेच निघालं. अर्थच्या भोकामागे काहीच नव्हतं. शेजारच्या बोर्डमधून हिरवी वायर आणून जोडली. लॅपटॉपच्या झिणझिण्या पूर्ण गेल्या. घरघर निम्म्याने कमी झाली, पण गेली नाही.

आयसोलेटर आणला. घरघर गेली. पण खर्जातला षड्ज पोकळ वाटतो, तानपुऱ्याची खर्जाची तार लांबून ऐकल्यासारखी येते. ऐकणाऱ्याला चालेल, मला नाही चालत. सध्या गुरुवारी लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून ठेवते आणि क्लासपुरता चार्जर काढते. दोन तास आरामात निघतात.

सुधन्वा77

अर्थ जोडूनही घरघर राहिली याचं कारण काय पण? लूप आता कुठून?

तारयंत्र

आता लॅपटॉप अर्थला बांधला गेला. त्यामुळे चार्जरकडून येणारा भाग अर्थमध्ये जातो, म्हणून निम्मी कमी झाली. स्पीकरच्या दोन पिनांच्या अडॅप्टरमधून झिरपणारी वीज मात्र अजून अर्थ शोधतेच, आणि तिचा रस्ता आजही ऑक्सच्या जाळीतून लॅपटॉपकडेच जातो. जाड जाळीची, आखूड वायर लावलीत तर तिच्यावर मिलिव्होल्ट कमी पडतील. दोन मीटरच्या जागी अर्ध्या मीटरची वायर बसत असेल तर पहिल्यांदा ते करा, शंभर-दीडशेचं काम आहे.

अमोल_वारजे

किंवा वायफायच्या राउटरला लावतात तो 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो ना, त्याच्यावर स्पीकर लावा. मधल्या बॅटरीतून डीसी जाईल, इन्व्हर्टरची वेव्ह कशी का असेना. हे तरी बरोबर आहे का?

तारयंत्र

हे निम्म्याहून जास्त बरोबर आहे. पण तो यूपीएस भिंतीला लावलेला असेल तोवर त्याचाही अडॅप्टर आहे आणि त्यातही तोच कपॅसिटर आहे, झिरपणं चालूच राहील. क्लास सुरू करताना तो भिंतीतून काढलात तरच शांत. पिनेचा व्यास आणि आतला भाग प्लस आहे की मायनस हे स्पीकरच्या अडॅप्टरवरच्या चित्राशी जुळवून घ्या, आणि अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. राउटरचे बरेचसे यूपीएस दोन अँपिअरपर्यंतच देतात, तीनचा स्पीकर लावलात तर मोठ्या आवाजाला बंद पडेल.

आसावरी_धायरी

स्पीकरच्या अडॅप्टरवर दीड लिहिलंय. चालेल. आधी आखूड वायर आणते, राउटरवाला नंतर बघू.

पेठी_माणूस

आणि गुरुवारची सुट्टी?

आसावरी_धायरी

नवऱ्याने घेतली. चार्जर काढायला कोणीतरी लागतंच.

निखिल_बाणेर

@तारयंत्र, माझ्या कीबोर्डचा अडॅप्टर ट्रान्सफॉर्मरवाला आहे, जड, गरम होणारा. इन्व्हर्टरवर जास्तच तापतो. त्याला हेच लागू का?

तारयंत्र

तापणं वेगळं. ट्रान्सफॉर्मरचा पत्रा गोल वेव्हसाठी बेतलेला असतो, चौकोनी वेव्हमधले वरचे हर्ट्झ त्यात फुकट उष्णता करतात. हात टिकत असेल इतपत गरम ठीक आहे, टिकत नसेल किंवा वास येत असेल तर इन्व्हर्टरवर तो वापरू नका. कीबोर्डवर किती व्होल्ट, एसी की डीसी, ते इथे लिहा. काही कीबोर्डना एसीच लागतो, तिथे साधा अडॅप्टर बदलून चालत नाही.

निखिल_बाणेर

9 व्होल्ट एवढंच दिसतंय, पुढचं पुसलंय. रात्री टॉर्च लावून बघतो.